धागा: पत्त्याची रास धरून परिस्थितीचा स्वभाव कसा वाचायचा? (मागांच्या शेडचा प्रश्न)

मागाची_खटखट (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. टॅरो मी हौसेने बघते, पैसे घेऊन नाही. आत्तापर्यंत चित्र बघून अर्थ सांगायचे, तेवढ्यावर भागायचं. आता जो नवा संच घेतलाय त्यात प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात राशीचं आणि ग्रहाचं चिन्ह छापलंय. ते नुसतं शोभेला आहे, की त्यातून खरंच काही जास्तीचं कळतं?

उदाहरणच देते. आमच्या गल्लीतल्या एका वहिनीसाठी पत्ते काढले (तिला विचारून लिहितेय). तिचे दोन पॉवरलूम मोठ्या दिराच्या शेडमध्ये आहेत. मीटर दिराच्या नावावर. तिला स्वतःची छोटी शेड घालून माग तिकडे हलवायचेत. जागा बघून झाली, पैशाची सोय झाली, तरी गाडं पुढे सरकत नाही. दीर "हलव" म्हणत नाही, "नको" पण म्हणत नाही.

पत्ते असे आले:
परिस्थिती काय आहे: पेंटॅकल्सची सत्ती
अडलंय कशात: वाँड्सची पंजी
हलेल कुठून: स्वोर्ड्सची दुर्री

चित्रांवरून मी म्हटलं, वाट बघणं, भांडण, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली बाई म्हणजे निर्णय होत नाही. वहिनी म्हणाली, "हे तर मलाही ठाऊक आहे, पुढं सांग की." माझ्याकडे पुढचं काही नव्हतं. कोपऱ्यातल्या चिन्हांनी इथे काय भर पडते?

उद्यमबागकर

पत्ते कशाला, दिराला सरळ विचारा की. बाकी चालू द्या, मी गप बघुलोय.

निपाणीकर

बरं झालं विषय निघाला. माझी रास वृश्चिक. मागच्या महिन्यात एकाने माझे पत्ते काढले त्यात 'डेथ' आला. पुस्तकात बघितलं तर डेथ म्हणजे वृश्चिक. म्हणजे तो पत्ता थेट माझ्यासाठीच आला असं धरायचं का? तंबाखूचा व्यापार बंद करायचा विचार चालू आहे, त्यात हे. झोप नाही लागली.

किल्लातलाव (बेळगाव)

निपाणीकर, आधी तुमचं. पत्त्याला जोडलेली रास ही प्रश्नाची रास, माणसाची नव्हे. डेथ कुणालाही आला तरी वृश्चिकच राहणार, मेषेच्या माणसालाही. त्या राशीवरून कळतं ते एवढंच की जे संपतंय ते वरवर संपत नाही, आतून मुळासकट संपतंय, आणि वृश्चिक स्थिर रास असल्यामुळे सावकाश संपतंय. व्यापार आवरता घेण्याच्या प्रश्नावर हा पत्ता भीतीचा नाही. उलट मला तो प्रश्नाला धरून वाटतो. झोपा शांत.

आता मागांकडे. राशींची ही जोडणी लंडनच्या गोल्डन डॉन मंडळींची. ते गूढविद्येचं मंडळ 1888 सालचं. आज घरोघरी दिसतो तो संच, पामेला कोलमन स्मिथने चितारलेला, 1909 चा. तो त्याच वर्तुळातला, म्हणून त्याच्या चित्रांत ही जोडणी मुरलेली आहे. एम्परर मेषेचा, तर त्याच्या सिंहासनावर मेंढ्याची डोकी आहेत. दुर्री हातात घेऊन बघा: बाईच्या मागे पाणी आणि वर चंद्रकोर. तो पत्ता 'तुळेतला चंद्र' आहे. कोपऱ्यातलं चिन्ह तुमच्या संचाने छापलं, जुन्या संचात ते चित्रातच होतं.

पाठ करायची गरज नाही, रीत सोपी आहे. रंगावरून तत्त्व कळतं: वाँड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. आकड्यावरून राशीची जात कळते: दुर्री, तिर्री, चौकी चर; पंजी, छक्की, सत्ती स्थिर; अठ्ठी, नव्वी, दश्शी द्विस्वभाव. दोन्ही एकत्र केलं की रास हातात. पृथ्वी आणि स्थिर म्हणजे वृषभ, तेव्हा पेंटॅकल्सची सत्ती वृषभेची. अग्नी आणि स्थिर म्हणजे सिंह, तेव्हा वाँड्सची पंजी सिंहेची. वायू आणि चर म्हणजे तूळ, ही झाली तुमची दुर्री. एक्क्यांना अशी एकेकटी रास नाही, ते सबंध तत्त्वाचे.

परिस्थितीचा स्वभाव विचारला की मी सगळ्यात आधी चर-स्थिर-द्विस्वभाव बघते, ग्रह नंतर. कारण वहिनी विचारते ते नेमकं हेच: गाडं का सरकत नाही? तुमच्या तीन पत्त्यांत पहिले दोन स्थिर, तिसरा एकटाच चर. पहिल्या दोन्हींवर ग्रहही एकच, शनी. सत्ती वृषभेतला शनी, पंजी सिंहेतला शनी. पत्ते काही आपण ठरवून काढत नाही, पण असं दुहेरी जुळलं की तिथे थांबून बघायचं.

पंचांगवाला_खानापूर

ताईंनी छान सांगितलं, पण यात नवीन काही नाही. हे आपले द्रेष्काण. राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग, प्रत्येकाला एक स्वामी. वृषभेचा तिसरा द्रेष्काण मकरेचा, स्वामी शनी. पेंटॅकल्सची सत्ती म्हणजे वृषभेचा तिसरा भाग, तिथेही शनीच. आपल्याकडे आहे तेच पत्त्यांवर छापलंय. तेव्हा कोष्टक न बघता सरळ आपले द्रेष्काणस्वामी घ्यावेत.

शिवाय सत्तीवरून तारीख पण निघते. वृषभेचे शेवटचे दहा अंश म्हणजे 11 ते 20 मे. माग त्याच दिवसांत हलतील, लिहून ठेवा.

किल्लातलाव

पंचांगवाले, सत्तीवर जुळलं म्हणून पुढचे दोन पत्तेही त्याच मापाने बघा. सिंहेचा पहिला द्रेष्काण आपल्याकडे सिंहेचाच, स्वामी रवी. पत्त्यांच्या कोष्टकात पंजीवर शनी आहे. तुळेचा पहिला द्रेष्काण आपल्याकडे शुक्राचा, कोष्टकात दुर्रीवर चंद्र आहे. तीनांपैकी एक जुळला, दोन नाही. दहा अंशांचे तुकडे दोन्हीकडे आहेत, स्वामी ठरवायची पद्धत वेगळी.

त्यांची पद्धत तुम्हाला अनोळखी नाही. तुम्ही रोज बघता तो होऱ्यांचा क्रम: रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ, पुन्हा रवी. मेषेच्या पहिल्या तुकड्याला मंगळ देऊन सुरुवात करा आणि हाच क्रम लावत जा. मेषेला मंगळ, रवी, शुक्र. वृषभेला बुध, चंद्र, शनी. मिथुनेला गुरू, मंगळ, रवी. कर्केला शुक्र, बुध, चंद्र. सिंह शनीपासून सुरू झाली की नाही? तुकडे 36 आणि ग्रह 7, म्हणून शेवटी एक जास्तीचा उरतो आणि मीनेचा शेवटचा तुकडा पुन्हा मंगळाकडे जातो. कप्सची दश्शी आणि वाँड्सची दुर्री, दोन्हींवर मंगळ दिसतो तो यामुळे.

एका वाचनात एकच पद्धत धरावी, एवढंच म्हणणं. पंजीवर रवी घेतला तर ती मोठ्या भावाच्या रुबाबाची गोष्ट होते. शनी घेतला तर त्याच रुबाबावर ओझं आल्याची. दोन वाचनं निघतात, आणि आपल्याला आवडेल ते उचलायचा मोह होतो.

तारखेचं म्हणाल तर 11 ते 20 मे हे सायन हिशोबाने. तुमच्या पंचांगाच्या निरयन हिशोबाने सूर्य वृषभेच्या शेवटच्या दहा अंशांत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असतो, दोन्हींत साधारण 24 अंशांचं अंतर. द्रेष्काण निरयनाचे आणि तारीख सायनाची, असं मिसळू नका. आणि मुळात इथे प्रश्न "कधी" असा नाहीच.

पंचांगवाला_खानापूर

होऱ्याचा मुद्दा मान्य, बसवून बघितला, बरोबर येतो. तारखा निघत नाहीत हे मात्र मान्य नाही. मला आलेले अनुभव आहेत.

मागाची_खटखट

ताई, चर-स्थिर कळलं. पण "स्थिर आहे म्हणून अडलंय" एवढंच वहिनीला सांगितलं तर ती पुन्हा म्हणेल मला ठाऊक आहे. दोन शनी आहेत, त्यातून पुढे काय?

किल्लातलाव

आता राशी वेगळ्या करून बघा. अडणं दोन्हीकडे आहे, पण दोन जातींचं.

सत्ती वृषभेतली. वृषभ म्हणजे जागा, पैसा, हाताला लागणारी वस्तू. स्वामी शुक्र, आणि शुक्राच्या घरात शनीला परकं वाटत नाही. म्हणून पत्त्यावरचा माणूस कुदळीवर हनुवटी टेकून उभा आहे, पण झुडूप वाळलेलं नाही, फळलेलं आहे. जागा, भांडवल, माग, हे सगळं सावकाश पण नीट चाललंय. तिथे दुरुस्तीची गरज नाही. वहिनी त्याच बाजूला पुन्हा पुन्हा खटपट करत असेल, अजून एक जागा बघ, अजून थोडी रक्कम जमव, तर ती चुकीच्या टोकाला जोर लावतेय.

पंजी सिंहेतली. सिंह रवीची, तिथे शनीला बसायला जड जातं. दोन्ही परंपरांत हे एकच आहे. सिंह म्हणजे मान, नाव, चारचौघांत आपली जागा. त्यावर शनी बसला की माणूस उघड भांडत नाही, आतून आवळला जातो. चित्रात पाच पोरं काठ्या उगारून आहेत, पण रक्त सांडलेलं नाही, पडलेला कुणी नाही. तेव्हा "अडलंय कशात" याचं उत्तर भांडण असं न देता मी "मानाचा प्रश्न, बोलून न दाखवलेला" असं देईन. वृषभ आणि सिंह एकमेकींपासून केंद्रात पडतात, त्यामुळे वहिनी पैशाच्या भाषेत बोलतेय आणि दीर मानाच्या भाषेत ऐकतोय, असं काहीसं असावं. हे पत्त्यांतून निघालेलं, खरं-खोटं तिला विचारा.

मागाची_खटखट

विचारून आले. ताई, अंगावर काटा आला. ती शेड दिराने स्वतः उभी केली, सासरे गेल्यावर. मागच्या वर्षी कुणीतरी लग्नात त्याला म्हणालं होतं, "आता भावजय पण वेगळी होतेय म्हणे." तेव्हापासून तो विषय काढला की उठून चहाला जातो. वहिनी दर वेळी त्याला भाड्याचा हिशोब दाखवते, "तुमचे पैसे बुडवत नाही" म्हणून.

उद्यमबागकर

आता मी बोलतो. हे वडगावात कुठल्याही घरात खरं निघेल. मोठा भाऊ, मान, शेड. सिंह नसती, कर्क असती, तर "आईची माया आडवी येतेय" म्हणाला असता, आणि तेही खरं निघालं असतं. तीन पत्ते, तीन राशी, ग्रह वेगळेच, चित्र वेगळंच. एवढ्या सामानात काहीतरी जुळणारच की. आमच्याकडे मशीनवर जॉब बसला नाही तर गेज बदलून पास करत नाहीत.

किल्लातलाव

तुमचा आक्षेप खरा आहे, उद्यमबागकर, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी दोन कुंपणं घालून घेते, तेवढं सांगते.

एक, चित्राचा अर्थ आधी एका वाक्यात लिहायचा, राशीकडे न बघता. रास त्या वाक्याला फक्त विशेषण देऊ शकते, वाक्य उलटं करू शकत नाही. पंजीला "संघर्ष" लिहिलं, मग सिंहेने त्याला "मानाचा" केलं. "संघर्षच नाही, सगळं छान" असं राशीच्या जोरावर म्हणायला लागलो की समजायचं, पत्ता आवडला नाही म्हणून पळवाट काढतोय.

दोन, प्रत्येक पत्त्याचं सगळं वापरायचं नाही. जिथे दोन पत्ते एकमेकांशी जुळतात किंवा भांडतात तेवढंच घ्यायचं. इथे दोन स्थिर, दोन शनी, आणि एकटा चर. दुर्रीत कुठला अंश, कुठला वार, हे सगळं मी सोडून दिलं. त्या तपशिलाने वहिनीच्या पुढच्या पावलात काही फरक पडत नसेल तर तो सांगायचाच नाही.

कर्क आली असती तर मी आईचं म्हणाले असते, हे खरं. पण मग तिला सांगितलेलं पाऊलही वेगळं असतं, आणि ते चुकीचं निघालं असतं तर उघडं पडलं असतं.

उद्यमबागकर

बरं. पाऊल काय सांगणार ते बघू.

मागाची_खटखट

हो, दुर्रीचं राहिलंच. मला ती सगळ्यात अवघड वाटते. 'हलेल कुठून' या जागी डोळ्याला पट्टी बांधलेली बाई?

किल्लातलाव

तिथेच राशीचा उपयोग जास्त. चित्र एकटं बघितलं तर थिजलेलं वाटतं. पण दुर्री म्हणजे चर रास, सुरुवात करणारी, आणि तिन्हींत तीच एक चर. तूळ म्हणजे दोन पक्ष, समोरासमोर, करार, तडजोड. वर चंद्र: घरातली बाई, मन, आणि रोज थोडं बदलणारं. म्हणजे निर्णय झालेला नाही हे चित्राचं म्हणणं कायम, पण तो दगडासारखा घट्ट नाही. कुणीतरी सुरुवात केली तर हलेल. माझ्या वाचनात ती सुरुवात पैशाच्या हिशोबाने होत नाही. दोघांत काय ठरलं ते मांडून होते, आणि मधे घरातली एखादी मोठी बाई असली तर बरं.

एक सावधगिरी. पत्ते शेजारी मांडल्यावर तत्त्वांचं नातं बघतात. पंजी अग्नी, तिच्या शेजारची दुर्री वायू. वायू अग्नीला जोर देतो. तेव्हा बोलणं गरजेचं आहे खरं, पण चारचौघांत, पाहुण्यांसमोर किंवा शेडमध्ये कामगार असताना ते काढलं तर तेच बोलणं पंजीला वारा घालेल. सत्तीची पृथ्वी मात्र दुर्रीच्या वायूशी जुळत नाही, म्हणून पैशाचा कागद त्या बैठकीत आणूच नये असं मला वाटतं. वेगळ्या दिवशी.

निपाणीकर

ताई, माझ्या वाचनात डेथच्या शेजारी कप्सची छक्की होती. तीही वृश्चिकच ना? म्हणजे माझं पण दुहेरी जुळलं?

किल्लातलाव

हो, जल आणि स्थिर, वृश्चिकच, आणि वर रवी. डेथने जे मुळासकट संपतंय म्हटलं ते छक्कीमुळे जुन्या ओळखीचं, बापजाद्यांकडून आलेलं असं होतं. व्यापार वडिलांचा आहे का?

निपाणीकर

आजोबांचा.

मागाची_खटखट

वहिनीला सगळं सांगितलं. सासूबाई दिराकडेच राहतात, पण वहिनीशी बरं आहे. त्यांच्या समोर बसून बोलायचं ठरलंय, हिशोबाची वही घरी ठेवून. वहिनीने स्वतःहून एक काढलं: नव्या शेडवर सासऱ्यांचंच नाव घालायचं. मला हे सिंहेला धरून वाटतं, बरोबर का?

अजून एक. शेवटी मी "दिराचा कल काय" म्हणून एक जादा पत्ता काढला होता, स्वोर्ड्सचा राजा आला. त्याची रास कुठली धरू? माझ्या पुस्तिकेत मिथुन आहे, एका साईटवर कुंभ दिलीय.

पंचांगवाला_खानापूर

राजा म्हणजे स्थिर. वायू आणि स्थिर, कुंभ. पुन्हा शनीची रास, म्हणजे तिसरा शनी! दीर हलणार नाही.

किल्लातलाव

नावाचं बरोबर वाटतं. मानाच्या जागी मानाचीच गोष्ट दिली तिने.

राजाचं मात्र घोळाचं आहे. गोल्डन डॉनच्या मांडणीत घोड्यावरचा सरदार, राणी, राजपुत्र असे होते. स्मिथच्या संचात राजा सिंहासनावर आणि सरदार घोड्यावर आहे. मग जुना घोडेस्वार म्हणजे आताचा राजा की आताचा सरदार, यावरून दोन गट. पहिल्या गटात स्वोर्ड्सचा राजा मुख्यतः मिथुनेचा, द्विस्वभाव, म्हणजे दीर दोन्ही बाजूंनी विचार करतोय. दुसऱ्या गटात कुंभेचा, स्थिर, म्हणजे ठाम. दोन्हींची सुरुवात मागच्या राशीच्या शेवटच्या दहा अंशांतून होते, तो आणखी गुंता. मी पहिल्या गटातली, पण पैज लावणार नाही.

पंचांगवाले, तिसरा शनी मोजायला घेऊ नका. तो रासस्वामी आहे, पत्त्यावरचा ग्रह नाही. दोन वेगळ्या खात्यांची बेरीज होते ती.

पंचांगवाला_खानापूर

शनी तो शनी. मी कुंभच धरतो. आणि तारीख मेची.

उद्यमबागकर

दिराचा कल ओळखायला राजा कशाला, सासूबाईंना विचारलं की झालं. खटखटताई, बैठक झाली की इथे टाका. आणि नव्या शेडचं मीटर कुणाच्या नावावर घेणार ते आधी ठरवा म्हणावं, त्याला वेळ लागतो.

मागाची_खटखट

मीटर वहिनीच्या नावावर, अर्ज आधीच भरलाय. राजाचा पत्ता तिला सांगतच नाही, आपल्यातच ठरत नाही तर तिला काय सांगू. बैठक अमावास्या झाल्यावर आहे, सासूबाईंचा हट्ट.